क्रेडिट कार्ड बंद करताना

समजा, खडवलीहून कसारा लोकलने रोज ठाण्याला जाणाऱ्या एखाद्या ताईंना क्रेडिट कार्ड बंद करायचंय. शेवटचं बिल ८,००० रुपयांचं, तेही भरलं. पण बिलाच्या तारखेनंतर २०० रुपयांचा मोबाइल रिचार्ज कार्डावरूनच आपोआप गेला. तो या बिलात दिसतच नाही. म्हणून बँकेला आजची एकूण बाकी विचारावी. हप्ते, व्याज धरून. आपोआप जाणारी बिलं आधी दुसरीकडे वळवावीत.

रिवॉर्ड पॉइंट मात्र अर्ज करण्यापूर्वीच वापरावेत, कारण कार्ड बंद झालं की ते बहुधा बुडतात. त्यांची रक्कम कार्डात जमा झालेली दिसली, की मगच उरलेली बाकी भरून अर्ज करावा. जास्तीची रक्कम राहिली, तर ती बँकेने आपल्या खात्यात परत द्यायची असते.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, सगळी बाकी चुकती असेल तर कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. त्यासाठी अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

कार्ड बंद झाल्याचा एसएमएस येतो. त्यावर थांबू नका. कार्ड बंद असून बाकी शून्य आहे, असं पत्र किंवा ईमेल मागून घ्या. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. तिथे कार्ड चालू दिसलं किंवा बाकी दिसली, तर तेच पत्र जोडून तक्रार करता येते.