चिंचेने घासलेला रुपया

लिलावाच्या संकेतस्थळावर जुन्या नाण्याचा भाव वयापेक्षा अवस्थेवर अधिक ठरतो, आणि त्या अवस्थेचे सर्वाधिक नुकसान चोर किंवा वाळवी करत नाही, तर लक्ष्मीपूजनापूर्वी चिंच आणि राख घेऊन बसलेले घरचेच हात करतात, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. (हशा)

ब्रिटिश रुपयाचा इतिहास श्रोत्यांना परिचित असल्याने तो येथे गृहीत धरला आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. राजाच्या झग्यावर कोरलेल्या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. त्यामुळे नंतरच्या एखाद्या स्वस्त रुपयाचे शेवटचे आकडे कोरून कोणी १९११ केले, तरी लांब सोंडेचा हत्ती ती लबाडी उघड करतो. म्हणून विक्रेत्याने सालापेक्षा झग्याचे छायाचित्र मोठे द्यावे. मूळ वजन ११.६६ ग्रॅम असते, झिजेने ते किंचित घटते. ओतीव नकलेवर मात्र बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसतात.

चांदीवरचा काळपट थर हवेतील गंधकामुळे हळूहळू येतो आणि जाणकार त्याची किंमत देतात. घासलेल्या नाण्यावर भिंगातून केसासारख्या रेघा दिसतात, पृष्ठभाग सपाट पांढरा होतो आणि काळेपणा फक्त अक्षरांच्या खाचांत उरतो. देवघरातील लक्ष्मी काळी कशी ठेवावी, या सभागृहातून आलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की पूजेचा रुपया वेगळा ठेवावा, विकायचा वेगळा. (टाळ्या) गोंदियाच्या गावांत रुपयांच्या माळा होत्या, त्यातून सुटलेल्या नाण्याच्या काठावर कडी जोडलेल्या डाकेची, म्हणजे धातूच्या जोडाची, खूण राहते, तिचे वर्णन असे असावे: "रुपया, १९११, वजन ११.५ ग्रॅम, दाढीचे केस झिजलेले, पूर्वी घासलेला, वरच्या काठावर डाकेची खूण." असे लिहिल्याने बोली कमी लागते, ही तक्रार खरी आहे, परंतु नाणे परत येत नाही.

वेळ संपल्याची घंटा झाल्याने बांधणीबद्दल थोडक्यात: मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून कालांतराने चिकट हिरवट द्रव सुटतो, म्हणून नाणे कडक पारदर्शक आवरणात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, हलवल्यास आवाज न होईल असे बसवावे आणि पाकीट बंद करतानाचे चित्रण ठेवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ते खासगी विक्रेत्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातून आलेली बोली, कितीही मोठी असली तरी, नाकारावी.