कवितेची वेळ

आज मी खुल्या काव्यवाचनाच्या संध्याकाळीबद्दल बोलणार आहे. शहरांत तिला आता सर्रास 'ओपन माइक' म्हणतात. निमंत्रण नाही, मानधन नाही, ज्याला वाचायचं आहे त्यानं यावं, नाव नोंदवावं आणि वाचावं. अशा संध्याकाळी चांगल्या चालतात की रखडतात हे कवितांच्या दर्जापेक्षा नावांची वही आणि घड्याळ कसं सांभाळलं जातं यावर जास्त ठरतं. मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो, म्हणून आज फक्त त्या व्यवस्थेविषयी सांगतो.

आधी हिशोब करू. समजा, गावातल्या वाचनालयाचा हॉल संध्याकाळी सहा ते आठ मिळाला आहे. म्हणजे 120 मिनिटं. सुरुवातीचं निवेदन पाच मिनिटं, मधला चहा पंधरा, शेवटचे आभार पाच. उरली 95. प्रत्येक कवीला चार मिनिटं दिली, तरी खुर्चीतून उठणं, चष्मा काढणं, माइक खाली-वर करणं यात आणखी एक मिनिट जातं. हे मिनिट हिशोबात धरलं नाही, तर पुढचं सगळं गणित कोसळतं. तेव्हा एका कवीमागे पाच मिनिटं, म्हणजे एकोणीस कवी बसतात. पण नावं सोळाच घ्यावीत. उरलेली पंधरा मिनिटं कुठे जातात ते दर वेळी वेगळं असतं, पण जातात हे नक्की.

आता या सोळा जणांनी प्रत्येकी फक्त दोन मिनिटं जास्त घेतली, तर 32 मिनिटं होतात. यादीच्या शेवटच्या सहा कवींचा वेळ गेला. लांबवणाऱ्याला वाटतं, दोन मिनिटांनी काय बिघडतं? ती दोन मिनिटं कुणाच्या तरी वाट्याची असतात, आणि तो माणूस मागच्या रांगेत कागदाची घडी घालत-उघडत बसलेला असतो.

क्रम कसा लावायचा? आधी येणाऱ्याचं नाव आधी, ही पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. रोजचे, सरावलेले कवी साडेपाचलाच येऊन पहिली नावं लिहितात. नोकरीवरून धावत येणारी मुलगी पंधराव्या क्रमांकावर जाते. पहिले वाचणारे वाचून झालं की हळूच निघतात, आणि तिच्या वेळी समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. मुशायऱ्यात किंवा निमंत्रितांच्या कविसंमेलनात शेवटचं वाचन हा मान असतो, तिथे अध्यक्ष शेवटी वाचतात आणि लोक त्यांच्यासाठी थांबतात. खुल्या मंचावर शेवटचा क्रमांक हा मान नसतो, ती शिक्षा होते.

म्हणून मला चिठ्ठ्यांची पद्धत पटते. सहा वाजेपर्यंत नावं घ्यायची, प्रत्येक नावाची चिठ्ठी डब्यात टाकायची. मात्र सगळा क्रम एकदम जाहीर करायचा नाही. चार-चार चिठ्ठ्या काढायच्या आणि ती चारच नावं सांगायची. पुढच्या चौघांत आपण आहोत की नाही हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे सगळे बसून राहतात, आणि बसून राहिले की ऐकतातही. कुणाला साडेसातची शेवटची एसटी गाठायची असेल, तर त्याची चिठ्ठी पहिल्या चारांत ठेवायची, आणि तसं सगळ्यांना उघडपणे सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा वाचणाऱ्याला अगदी सुरुवातीला उभं करू नये. त्याच्याआधी दोघा-तिघांचं वाचन होऊ द्यावं, म्हणजे तोंड माइकपासून किती लांब ठेवायचं हे तो बघून शिकतो. तेवीस जण आले असतील, तर उरलेल्या सात जणांची नावं त्यांच्यासमोरच वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर लिहावीत. 'बघू, वेळ उरला तर घेऊ' असं कधी म्हणू नये. माणूस दोन तास त्या वाक्यावर बसून राहतो.

आता वेळेची मर्यादा. 'प्रत्येकानं एकच कविता वाचावी' असा नियम करू नका. एक कविता आठ ओळींची असते, एक आठ पानांची. मर्यादा मिनिटांतच हवी, आणि घड्याळ माइकवरच्या पहिल्या शब्दापासून चालू व्हावं. खरा वेळ कवितेपेक्षा प्रस्तावनेत जातो: ही कविता कशी सुचली, कुठे छापून आली, कुणाला आवडली. पंचवीस-तीस ओळींची कविता शांतपणे वाचली, तरी दोन-अडीच मिनिटांत होते. गझलेचं गणित वेगळं. पहिली ओळ दोनदा म्हणायची, दाद घ्यायची, मग दुसरी ओळ, आणि गाऊन सादर केली तर वेळ आणखी वाढतो. म्हणून गझलकारांना आधीच सांगावं, पाच शेरांची निवड करून या.

मर्यादा ओलांडली तर काय करायचं? शिकागोमध्ये मार्क स्मिथ यांनी 1986 साली ग्रीन मिल या क्लबमध्ये काव्यस्पर्धांची साप्ताहिक संध्याकाळ सुरू केली. 'स्लॅम' म्हणून त्या स्पर्धा जगभर पसरल्या. तिथे रूढ झालेला नियम असा: तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर गुण कापायचे. आपल्याकडे खुल्या मंचावर गुण नसतात, त्यामुळे कापायलाही काही नसतं. थांबवायचं ते माणसानंच.

घंटा मला अजिबात मान्य नाही. ती ओळीच्या मध्यावर वाजते, आणि सगळं सभागृह कवितेऐवजी कवीच्या चेहऱ्याकडे बघू लागतं. माइक बंद करणं तर अपमानच. समोरच्या रांगेतून चिठ्ठी किंवा दिवा दाखवतात, तोही बऱ्याचदा फुकट जातो, कारण वाचणाऱ्याची नजर डायरीत किंवा मोबाइलमध्ये असते. खूण डोळ्यांना दिसायची तर ती कागदाजवळच हवी. वाचनाच्या स्टँडवर, कागदाच्या वरच्या बाजूला एक लहानसा दिवा ठेवा, तीन मिनिटं झाली की तो लागेल. प्रेक्षकांना तो दिसत नाही. त्याचा अर्थ नाव नोंदवतानाच सांगायचा: 'दिवा लागला की एक मिनिट उरलं.'

चार मिनिटं झाली आणि वाचन चालूच असेल, तर सूत्रसंचालकानं खुर्चीतून उठावं आणि मंचाच्या कडेला, कवीला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल असं उभं राहावं. बहुतेक जण इथेच आवरतं घेतात. नाहीच घेतलं, तर कडवं संपण्याची वाट बघावी. यासाठी कविता खरोखर ऐकावी लागते, पुढच्याचं नाव शोधत बसून चालत नाही. कडव्याची शेवटची ओळ पडली, कवीनं श्वास घेतला, की आपण टाळी सुरू करावी. सभागृह साथ देतं. त्या टाळीतच दोन पावलं पुढे जाऊन म्हणावं, 'सर, या कडव्यावर थांबू या. उरलेली कविता चहाच्या वेळी ऐकायची आहे.' आणि चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन ती खरंच ऐकावी. ते केलं नाही, तर पुढच्या महिन्यात हे वाक्य खोटं ठरतं.

ज्येष्ठ कवींसमोर हे म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांना कडेला घेऊन आधीच विचारावं, 'काका, आज सगळे चार-चार मिनिटं वाचताहेत. तुम्ही कोणती निवडली?' ज्यानं निवड बोलून दाखवली, तो सहसा तिथेच थांबतो. आणि नियम सगळ्यांना सारखाच हवा. एका मोठ्या नावाला दहा मिनिटं दिली, की त्या संध्याकाळी पुढच्या कुणालाच थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही.

तरीही काही कविता खरोखर लांब असतात, आणि त्या तोडून वाचू नयेत. त्यांच्यासाठी दर महिन्याला एकच जागा राखावी, नऊ मिनिटांची. ती आदल्या महिन्यात मागायची, आणि सोळांपैकी दोन जागा तिच्या नावे धरायच्या. म्हणजे त्या दिवशी डब्यात चौदाच चिठ्ठ्या पडतील.