पुराची नोटीस

ऑगस्ट 2019. पंचगंगेने कोल्हापुरात 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला.

समजा, तिथल्या एका ठेकेदाराचे काम 12 दिवस बंद पडले. नैसर्गिक आपत्तीच्या कलमाखालची नोटीस करारातल्या मुदतीतच जायला हवी. सोबत राजाराम बंधाऱ्यावरच्या रोजच्या पाणीपातळीच्या नोंदी, तारखेसह फोटो आणि साइट डायरीची पाने हवीत. सिमेंटची पोती उंचावर हलवली, उपसा पंप लावले, हेही त्यात यावे.

मुदतवाढीची मागणी मात्र त्या 12 दिवसांची आणि चिखल काढायला लागलेल्या दिवसांचीच करावी. जूनपासून रखडलेले काम त्यात घुसडले, की खऱ्या दिवसांवरही शंका येते.

नुसता खर्च वाढला म्हणून करारातून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात तसे स्पष्ट केले आहे.