म्हातारीला कळावं म्हणून लिहिलेलं पुस्तक

(आपल्या सेलूच्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळापुढे केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



मी कॉम्प्युटरवाली. वाङ्मय मंडळात मला बोलावलं तेव्हा आमच्या वर्गातले सगळे हसले असतील. तरी आज 'लीळाचरित्रा'बद्दल बोलणार आहे. ग्रंथाचं नाव तुम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलंच असेल: मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, कर्ता म्हाइंभट, काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. एवढं लिहून दोन मार्क मिळतात आणि पुस्तक कपाटात राहतं.

मला ते उघडावंसं वाटलं ते त्याच्या तयार होण्याच्या पद्धतीमुळे. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ऋद्धिपूरला होते. ते स्वामींच्या आठवणी सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. पण एकाच माणसाच्या आठवणीवर त्यांनी भागवलं नाही. जी घटना ज्याच्यासमोर घडली त्याच्याकडे जायचं, त्याला विचारायचं, मग लिहायचं. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. साक्षीदाराकडून खातरजमा केल्याशिवाय नोंद नाही. आमच्या धंद्यात हा नियम भिंतीवर लावलेला असतो, पाळला क्वचित जातो.

पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. बॅकअप होता तो फक्त माणसांच्या डोक्यात. पंथातल्या लोकांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या स्मरणातून आलेला तो 'हिराइसा पाठ'. इतरांचे वेगळे पाठ झाले. साहजिकच ते जुळेनात. एकाला शब्द वेगळा आठवे, दुसऱ्याला प्रसंगाचं गाव.

आता इथे काय करायचं? सोपं होतं. एक पाठ खरा ठरवायचा आणि बाकीचे फेकून द्यायचे. त्यांनी तसं केलं नाही. अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे असं, तमक्याच्या म्हणण्याप्रमाणे तसं, अशी नोंद लीळेतच ठेवली. अशा वेगळ्या परंपरेला ते 'वासना' म्हणत. पहिल्यांदा वाचताना मी या शब्दावर अडखळले होते, तुम्हीही अडखळाल. दोन प्रोग्रामरांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की आमचं गिट थांबतं आणि विचारतं, यातलं कुठलं ठेवू? आम्ही एक ठेवतो, दुसरं पुसतो. या लोकांनी दोन्ही ठेवली, आणि कुणाची कुठली तेही सांगितलं.

म्हणूनच हे पुस्तक वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं वाचू नका. काही गोष्टी बऱ्याच वर्षांनी आठवलेल्या आहेत, सांगणारे भक्त आहेत, चमत्कारही आहेत. शिवाय ते एका जिवंत पंथाचं पूज्य पुस्तक आहे, हे विसरून हाताळू नये. पण भक्तांनी लिहूनसुद्धा त्यात बाइसा रागावतात, शिष्य हट्ट करतात, कुणी वेडगळ प्रश्न विचारतं, आणि हे सगळं तसंच्या तसं राहिलं आहे. स्त्रियांच्या विटाळाचा प्रसंग मुलींनी जरूर शोधावा. नाकाला शेंबूड येतो, डोळ्यांना चिपडं येतात, तसाच हा देहाचा एक स्राव, असा त्यातल्या स्वामींच्या उत्तराचा आशय आहे. मी तो वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. तो मला सोळाव्या वर्षी वाचायला हवा होता.

'पण भाषा अवघड आहे' असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. माझी आजी 'म्या केलं' म्हणायची. पुण्याला शिकायला गेल्यावर मी तो 'म्या' पहिल्या महिन्यातच टाकून दिला, खोलीतल्या मुली हसल्या म्हणून. वीस-बावीस वर्षांनी जुन्या मराठीत 'मियां', 'म्यां' दिसला आणि मी पुस्तक मिटून बसले. आजी अशुद्ध बोलत नव्हती. तिचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जुना होता, एवढंच. तेव्हा तुम्हा सेलूच्या पोरांना हे पुस्तक पुण्याच्या पोरांपेक्षा सोपं जाईल, अशी माझी पैज आहे.

वाचताना मोठ्याने वाचा, मनात वाचलं तर अडतं. अर्थ आणि शब्दकोश दिलेली प्रत घ्या. 'गोसावी' म्हणजे स्वामी, 'भटोबास' म्हणजे नागदेव, एवढं आधी ध्यानात ठेवा. पहिल्या पानापासून सुरुवात करायचीही गरज नाही. लीळा सुट्या आहेत, काही तर पाच-सहा ओळींच्याच. रोज एक वाचली तरी चालेल.

केशोबास संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायांना कळायचं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ही आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे.

मंडळाच्या ग्रंथालयासाठी दोन प्रती आणल्या आहेत. एकीच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खोडू नका, पण चुकीच्या वाटल्या तर शेजारी तुमचं म्हणणं लिहा, आणि खाली नाव घाला.