मार्गदर्शक आणि पाठीराखा
(लोणी काळभोर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शिकविणे निराळे आणि शब्द टाकणे निराळे. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्याआधीही गुरुजी त्यांना पुस्तके वाचावयास देत. हे मार्गदर्शकाचे कार्य. पुढे पैशावाचून कॉलेज अडले, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली महाराजांच्याच साहाय्याने ते अमेरिकेस गेले. हे पाठीराख्याचे कार्य.

परंतु पाठीराख्याचा हात दारापर्यंतच पोचतो. १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास नोकरीस गेले. कचेरीत शिपाई कागद दुरून फेकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. महाराजांचा आश्रय असूनही त्यांना लवकरच परतावे लागले. पुढल्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, ते पदरच्या विद्येच्या बळावर.

मी आयुष्यभर मुलांना शिकविले. भिडेपोटी शब्द मात्र एकाहीसाठी टाकला नाही, ही माझी खंत आहे. ज्याची तयारी आपण स्वतः पाहिली आहे, त्याच्यासाठी आपण अवश्य शब्द टाकावा, एवढीच विनंती.