टेबलावरून घसरणारी साखळी: त्वरण किती, सुटताना वेग किती?

आजचा प्रश्न जिवतीहून आलाय, अकरावी सायन्सच्या एका मुलीचा. तिने व्हॉइस नोट पाठवली. गणित असं: एक मीटर लांबीची साखळी गुळगुळीत टेबलावर सरळ पसरलीय, त्यातले २० सेंटिमीटर काठावरून खाली लटकतायत. साखळी सोडली. टेबल सोडताना तिचा वेग किती? तिचं उत्तर आलं १.७७ मीटर प्रति सेकंद. पुस्तकात आहे ३.०७. ती म्हणते, "सर, सूत्र तर बरोबरच वापरलंय, मग चुकलं कुठे?"

हेडफोन लावले असतील तर सोबत वही-पेनही घ्या. आकडे मी हळूहळू सांगतो.

आधी बघू, साखळीला ओढतं कोण? टेबलावर पडलेल्या भागाचं वजन टेबल पेलतं. त्यामुळे तो भाग स्वतःहून कुठेच जाणार नाही. ओढतो तो फक्त लटकणारा भाग. पण हलवायची असते पूर्ण साखळी, कारण सगळ्या कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. म्हणजे बल पाव-अर्ध्या साखळीचं आणि वस्तुमान सगळ्या साखळीचं. लटकणारी लांबी x आणि पूर्ण लांबी L धरली, तर

a = g × x / L

साखळी दोनशे ग्रॅमची असो की दोन किलोची, वस्तुमान दोन्हीकडून कटतं. सुरुवातीला x आहे ०.२ मीटर, म्हणून त्वरण ०.२ g, म्हणजे १.९६. तिनेही हेच काढलं. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

गडबड पुढच्या ओळीत आहे. तिने v² = u² + 2as मध्ये a म्हणून १.९६ आणि अंतर ०.८ मीटर टाकलं. पण साखळी जशी घसरते तसा लटकणारा भाग वाढतो, आणि तो वाढला की ओढही वाढते. अर्धी साखळी खाली गेली की त्वरण ०.५ g होतं. शेवटची कडी काठावर येते तेव्हा ते पूर्ण g असतं. सूत्र खोटं नाही, ते स्थिर त्वरणासाठी आहे. इथे त्वरण स्थिर नाही.

मग इंटिग्रेशनच हवं का? केलं तर छानच, पण इथे एक सोपी वाट आहे. त्वरण x च्या सरळ प्रमाणात वाढतं, म्हणजे अंतराविरुद्ध त्वरणाचा आलेख सरळ रेषा आहे. सरळ रेषेची सरासरी म्हणजे पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून भागिले दोन. ०.२ g आणि १ g, सरासरी ०.६ g. आता हीच सरासरी त्या सूत्रात टाका:

v² = २ × ०.६ × ९.८ × ०.८ = ९.४०८

वर्गमूळ ३.०७. पुस्तकातलं उत्तर आलं! एक लक्षात ठेवा, ही सरासरी अंतरावरची आहे, वेळेवरची नाही. म्हणून ती v² च्या सूत्रात चालते, v = u + at मध्ये चालत नाही.

उत्तर ऊर्जेनेही तपासून घेऊ. सुरुवातीला साखळीचा पाचवा भाग लटकतोय आणि त्याचा गुरुत्वमध्य काठाच्या १० सेंटिमीटर खाली आहे. पूर्ण साखळीच्या हिशोबाने हे ०.२ गुणिले ०.१, म्हणजे ०.०२ मीटर. शेवटी सगळी साखळी लटकते, गुरुत्वमध्य ०.५ मीटर खाली. म्हणजे गुरुत्वमध्य एकूण ०.४८ मीटर उतरला. v² = २ × ९.८ × ०.४८, पुन्हा ९.४०८. बरेच जण सुरुवातीचे ते ०.०२ विसरतात आणि उत्तर ३.१३ येतं. तुमचं ३.१३ आलं असेल, तर चूक तिथेच आहे.

आता खरं टेबल. घरातलं टेबल गुळगुळीत नसतं, साखळी थोडी लटकली तरी जागची हलत नाही. पण याच अडचणीतून घर्षणाचा गुणांक फुकटात मिळतो. साखळी हळूहळू पुढे सरकवत राहा. ज्या क्षणी ती आपोआप निघते, तेव्हाची लटकणारी लांबी पट्टीने मोजा. समजा २० सेंटिमीटर आली, म्हणजे टेबलावर उरले ८०. त्या क्षणी २० सेंटिमीटरची ओढ आणि ८० सेंटिमीटरचं घर्षण बरोबरीत आहेत. म्हणून गुणांक २० भागिले ८०, म्हणजे ०.२५. वजनकाटा लागलाच नाही.

आता वेग बघा. सुरुवातीचं त्वरण शून्य, कारण दोन्ही बलं बरोबरीत. शेवटचं त्वरण g, कारण टेबलावर काही उरलंच नाही, मग घर्षण कुठून येणार? मधली वाढ इथेही सरळ रेषेतच. सरासरी ०.५ g. v² = २ × ०.५ × ९.८ × ०.८ = ७.८४, वेग २.८. अर्ध्या किलोची साखळी असेल तर सुमारे ०.३९ ज्यूल ऊर्जा घर्षणात गेली. प्रत्यक्षात घसरतानाचं घर्षण सुटण्याच्या वेळच्या घर्षणापेक्षा सहसा थोडं कमी असतं, त्यामुळे वेग थोडा जास्त येऊ शकतो. उलट काठ खरखरीत असेल तर तो कमीही येईल.

करून बघायचं असेल तर बैल बांधायची जाड साखळी नको, तिच्या कड्या काठावर अडकून उड्या मारतात. लहान कड्यांची बारीक साखळी घ्या आणि काठ गोलसर ठेवा. साखळीच्या बाजूला पट्टी ठेवून मोबाइलवर स्लो मोशन घ्या. सेकंदाला १२० फ्रेम असतील तर २.८ वेगाने शेपटाची कडी एका फ्रेममध्ये साधारण २.३ सेंटिमीटर सरकते.

त्या व्हिडिओत एक गोष्ट दिसेल, जी पुस्तक सहसा सांगत नाही. अर्ध्याहून जास्त साखळी गेली की ती काठाला चिकटून वळत नाही, बाहेर फुगते. का? टेबलावरची कडी आडवी धावतेय आणि काठावर तिला खाली वळायचंय. वळवण्याचं काम साखळीतला ताण करतो. पण काठावरचा ताण मागे उरलेल्या भागाला ओढण्यापुरताच असतो. तो आधी वाढतो, अर्धी साखळी गेली की सर्वात जास्त होतो, मग उतरत शून्यावर येतो. वेग मात्र वाढतच जातो. एका टप्प्यावर ताण अपुरा पडतो. गुळगुळीत टेबलाच्या आपल्या गणितात हा टप्पा येतो साधारण ५४ सेंटिमीटर लटकल्यावर. आपल्या घर्षणाच्या गणितात थोडा उशिरा, ६७ च्या आसपास.

म्हणजे ३.०७ हे उत्तर काठाला वळणदार नळी लावली आहे असं मानून आहे. परीक्षेत तेच लिहा. पण तुमच्या व्हिडिओतला आकडा थोडा वेगळा आला, तर आधी साखळी कुठे फुगली ते बघा.

जिवतीच्या मैत्रिणीसाठी आता एक गणित: साखळी तीच, टेबल गुळगुळीत, पण लटकलेले ६० सेंटिमीटर. सरासरी त्वरण किती आणि वेग किती? व्हॉइस नोटची वाट बघतोय. भेटू पुढच्या भागात.