विम्याच्या हप्त्याचा खरा व्याजदर
(दिल्ली परिसरातील मराठी कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोएडा, फरिदाबाद, मानेसर या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी एंडोमेंट पॉलिसी आहे. काहींचा हप्ता तर पगारातूनच परस्पर कापला जातो. पॉलिसी घेताना आपल्याला तीन आकडे सांगितले जातात: हप्ता किती, वर्षे किती आणि शेवटी मिळणार किती. दर साल दर शेकडा किती पडले, हा चौथा आकडा मात्र कोणी सांगत नाही. आज तोच काढायचा आहे.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. पाच लाखांचा विमा, मुदत 20 वर्षे, वार्षिक हप्ता 25,000 रुपये. बोनस हजारी 44 रुपये धरू. म्हणजे पाच लाखांवर दर वर्षी 22,000 रुपये आणि 20 वर्षांत 4 लाख 40 हजार. मूळ पाच लाख मिळवले की मुदतपूर्तीला 9 लाख 40 हजार हाती येतात. आपण भरले पाच लाख.

आता इथे दोन प्रकारचे चुकीचे हिशेब ऐकू येतात. एकजण म्हणतो, पंचवीस हजार भरले की बावीस हजार बोनस, म्हणजे 88 टक्के! पण हा बोनस जमा होतो विमा रकमेवर, त्यावर पुढे व्याज चढत नाही आणि तो हाती पडतो मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर. दुसरा म्हणतो, पाचाचे नऊ चाळीस झाले, नफा 88 टक्के, त्याला वीसने भागा, म्हणजे 4.4 टक्के. हा हिशेब उलट्या बाजूने चुकतो. पाच लाख आपण पहिल्या दिवशी दिलेलेच नाहीत. पहिला हप्ता विमा कंपनीकडे 20 वर्षे राहिला, शेवटचा एकच वर्ष. सरासरी काढली तर आपला रुपया तिथे साडेदहा वर्षे होता.

मग खरा दर कोणता? समजा हेच हप्ते आपण त्याच तारखांना एखाद्या बँकेत टाकले असते. त्या बँकेने किती चक्रवाढ व्याज दिले असते, म्हणजे विसाव्या वर्षाअखेर बरोबर 9 लाख 40 हजार झाले असते? तो दर म्हणजे पॉलिसीचा अंतर्गत परतावा दर. तो थेट सूत्राने निघत नाही, अंदाज घेत घेत पकडावा लागतो. पण साधे कॅल्क्युलेटर त्याला पुरते.

प्रथम 5 टक्के धरा. 25,000 चे वर्षअखेर 26,250 झाले. त्यात दुसरा हप्ता मिळवा, 51,250. त्यावर 5 टक्के चढवा, 53,812 रुपये 50 पैसे. असे वीस वेळा केले की सुमारे 8 लाख 68 हजार येतात. हे 9 लाख 40 हजारांपेक्षा कमी, म्हणजे दर याहून जास्त आहे. आता 6 टक्क्यांनी तेच करा. सुमारे 9 लाख 75 हजार येतात. हे जास्त झाले. म्हणजे आपला दर पाच आणि सहाच्या मध्ये, सहाकडे थोडा झुकलेला आहे. तो 5.7 टक्के निघतो. ज्यांच्या मुलांना संगणकावरचा तक्ता वापरता येतो, त्यांनी एवढेच टाइप करायला सांगावे:

```
=RATE(20,-25000,0,940000,1)
```

शेवटचा 1 हा आकडा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो हे सांगतो. एकेक हप्ता ओळीने मांडून IRR काढणार असाल तर वीस ओळींत उणे 25,000 आणि एकविसाव्या ओळीत 9,40,000 लिहा. मुदतीची रक्कम चुकून विसाव्या ओळीत शेवटच्या हप्त्याबरोबर टाकली, तर उत्तर 6.2 टक्के येते. एका ओळीच्या चुकीने अर्धा टक्का फुगतो! कोणी तयार कागद दाखवला तर ही ओळ आधी तपासा. जुन्या पॉलिसीत 22 सप्टेंबर 2025 पूर्वी हप्त्यावर भरलेला जीएसटीही खर्चाच्या बाजूला धरायला हवा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकदा जाहीर झालेला बोनस पॉलिसीत जमा राहतो, पण पुढच्या वर्षांच्या बोनसची हमी नसते. तो हजारी 44 ऐवजी 38 पडला तर मुदतीला 8 लाख 80 हजार येतील आणि दर 5.1 वर उतरेल. दुसरे असे की, कंपनीच्या छापील तक्त्यात 4 टक्के आणि 8 टक्के असे दोन रकाने असतात. हे आपल्या हप्त्यावरचे व्याज नव्हे. कंपनीची गुंतवणूक त्या दराने वाढली तर काय होईल, याचे ते गृहीत आहे. खर्च, कमिशन आणि विम्याच्या जोखमीची किंमत वजा होऊन आपल्या हाती त्याहून कमी येते. अर्थात त्या वजावटीत 20 वर्षांचे विमा संरक्षण आहे, हेही न्यायाने मान्य केले पाहिजे. म्हणून तुलना करताना 25,000 मधून तेवढ्याच रकमेच्या निव्वळ मुदत विम्याचा हप्ता आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशाचा दर पाहावा.

आता आपल्या परिसराचा खरा प्रश्न. इथे कंत्राटी काम तीन-चार वर्षांत सुटते आणि हप्ता थांबतो. पाच हप्ते भरून, म्हणजे सव्वा लाख देऊन, पाचव्या वर्षाअखेर पॉलिसी मोडली असे समजा. 2019 च्या नियमांप्रमाणे चौथ्या ते सातव्या वर्षात हमीचे सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे होते. 62,500 हाती आले तर दर येतो वर्षाला उणे 22 टक्के! प्रत्यक्षात कंपनी काही वेळा याहून जास्त देते, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या पॉलिसींत लवकर मोडणाऱ्याची स्थिती सुधारली आहे. तरीही 5.7 टक्के हा आकडा मुदत पुरी करणाऱ्याचाच आहे. ज्याची नोकरी वीस वर्षे टिकण्याची खात्री नाही, त्याने सही करण्यापूर्वी पाचव्या वर्षाचा दरही काढावा.

पण हे ऐकून आजच घरी जाऊन जुनी पॉलिसी मोडू नका. मोडायची की चालू ठेवायची, हे ठरवताना आधी भरलेले पैसे हिशेबात येतच नाहीत. ते गेले ते गेले. आपल्याच नमुन्यात दहा वर्षे झाली आहेत आणि कंपनी आज 2 लाख 30 हजार सरेंडर मूल्य देते, असे समजा. पॉलिसी चालू ठेवणे म्हणजे आज हे 2 लाख 30 हजार नव्याने गुंतवणे, पुढे दहा हप्ते भरणे आणि दहा वर्षांनी 9 लाख 40 हजार घेणे. याचा दर काढला तर सुमारे पावणेनऊ टक्के निघतो. 2024-25 साठी भविष्य निर्वाह निधीने 8.25 टक्के दिले होते, त्याहूनही हा सरस! सुरुवातीला तोट्याची वाटणारी पॉलिसी अर्ध्या वाटेवर टिकवण्याजोगी ठरते, कारण तिचा तोटा पहिल्या वर्षांत होऊन गेलेला असतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना पॉलिसीचे कागद आणा. त्याआधी शाखेतून आजचे सरेंडर मूल्य आणि आजवर जमा झालेला बोनस लेखी मागून घ्या. हे दोन आकडे हाती असले की उरलेला हिशेब आपण इथेच, सर्वांसमोर करू.